'बाटवले' की 'धर्मांतर केले'?

प्रश्न: ठाण्यातल्या शाळेत इतिहास शिकवते. सहामाहीच्या पेपरसाठी मी प्रश्न काढला होता : 'पोर्तुगीजांनी साष्टीतील लोकांना का बाटवले?' वर्गात ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच जुन्या ख्रिस्ती समाजातली, मुले आहेत, म्हणून 'धर्मांतर केले' असा बदल करू का? एक सहकारी म्हणतात, तसे केले की इतिहास पातळ होतो.

ताई, सहकाऱ्यांची भीती मला समजते. पण त्यांनी उचललेला शब्द भलत्यालाच लागतो. 'बाटणे' हा सोवळ्याओवळ्यातला शब्द. पाणी बाटते, सोवळे बाटते, म्हणजे विटाळते. हाच शब्द माणसाला लावला की जिच्यावर जबरदस्ती झाली ती व्यक्ती विटाळलेली ठरते, आणि जबरदस्ती करणाऱ्याच्या अंगाला काही चिकटत नाही. 'बाटगा' ही शिवी कोणी पोर्तुगीज पाद्र्याला दिल्याचे ऐकले आहे का? ती नेहमी धर्म बदललेल्याला मिळाली. तुमच्या वर्गातल्या मुलाने तो प्रश्न मनात 'माझ्या खापरपणज्याला का बाटवले' असा वाचून पाहिला, तर पेपरच आपल्याला विटाळलेल्याचा वंशज म्हणतो आहे, एवढेच त्याला कळेल. म्हणजे शब्द झोंबरा आहे खरा, पण पोर्तुगीजांना नाही.

आता तुमचा पर्याय. 'पोर्तुगीजांनी धर्मांतर केले' हे वाक्य मराठीत दगा देते. धर्मांतर करणारा स्वतःचा धर्म बदलतो. १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी धर्मांतर केले, ते स्वतःचे. त्याच चालीने वाचले तर साष्टीत येऊन पोर्तुगीजच हिंदू झाले म्हणायचे! 'लोकांचे धर्मांतर केले' लिहून व्याकरण सावरते, पण ते कसे केले हे गुलदस्त्यातच राहते. सहकाऱ्यांचा 'पातळ' हा शब्द इथे बरोबर बसतो. 'बाटवणे' टाकले की त्यातले 'करायला लावणे'ही निघून जाते, आणि ते आपल्याला दुसरीकडून भरून काढावे लागते.

ते भरायचे तपशिलाने. १५५९ साली पोर्तुगालच्या राजाच्या नावे हुकूम निघाला की हिंदूंची अनाथ मुले ताब्यात घेऊन ख्रिस्ती म्हणून वाढवावीत. ही सरळ सक्ती झाली. पोर्तुगीज मुलखात देवळे पाडली गेली, हिंदूंच्या जाहीर धर्मविधींवर बंदी आली. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वराच्या शैव लेण्यात चर्च झाले. दुसऱ्या बाजूला धर्म बदलणाऱ्याला नोकरी आणि सवलती होत्या, म्हणजे आमिष. 'बाटवले' काय किंवा 'धर्मांतर' काय, दोन्ही शब्द या सगळ्याचे एकच गाठोडे बांधतात. शिवाय तुमच्या वाक्यातला 'का' मुलांकडून कोणाच्या तरी मनातला हेतू मागतो, आणि तो त्यांना गाइडमधूनच आणावा लागतो. 'कसे' विचारले तर उत्तर हुकुमात आणि लेण्यात सापडते.

म्हणून मी असे लिहीन : 'ठाणे-वसई भागात पोर्तुगीज राजवटीने लोकांना ख्रिस्ती करण्यासाठी कोणते मार्ग वापरले? त्यांपैकी सक्तीचा एक आणि आमिषाचा एक मार्ग उदाहरणासह सांगा.' कर्ता 'राजवट' आहे, 'ख्रिस्ती लोक' नाही, त्यामुळे बाकावरचे मूल आरोपी होत नाही. तो वाक्यात उघड ठेवला आहे. 'मार्ग वापरले गेले' असे कर्ता गाळून लिहिले की प्रश्न सभ्य वाटतो, पण जबाबदार कोण हे नाहीसे होते. ती मवाळी मला मान्य नाही. आणि 'सक्ती' हा शब्द प्रश्नातच आहे, तेव्हा तुमच्या सहकाऱ्यांनाही तक्रारीला जागा नसावी.

'साष्टी' मी मुद्दाम गाळले. गोव्यातही एक साष्टी आहे, आणि मुले (खरे तर शिक्षकही) तिथल्या घटना ठाण्याच्या खात्यावर टाकतात. ठेवायचेच असेल तर 'ठाण्याची साष्टी' म्हणा.

उतारा देऊन प्रश्न विचारत असाल आणि जुन्या कागदात 'बाटविले' असेल, तर ते मात्र बदलू नका. अवतरणात ठेवा आणि खाली विचारा : 'हा शब्द कोणाच्या बाजूने लिहिला आहे?' दोन गुणांना चांगला प्रश्न आहे.

याच धड्यात पुढे १७३९ येईल. तिथे पुस्तकी सवयीने 'वसई मुक्त केली' लिहाल. 'जिंकली' लिहा, किंवा जुन्या वळणाचे 'घेतली'. कोण मुक्त झाले हे हिंदू रयतेला आणि ख्रिस्ती रयतेला वेगवेगळे वाटले असणार, आणि तुमच्या वर्गात दोघांचीही नातवंडे आहेत. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळता येईल, असे कलम वसईच्या शरणागतीच्या अटींत होते. ते धड्यात नसेल तर फळ्यावर लिहा, म्हणजे त्यावरही एक प्रश्न काढता येईल.