पदवीधर बेकार असेल तर दोष कोणाचा?

प्रश्न: बी.कॉम. होऊन दोन वर्षं झाली, नोकरी नाही. घरचे म्हणतात मीच कमी पडतो. समाजशास्त्रीय कल्पनाशक्ती यावर काय सांगते?

उत्तर: समाजशास्त्रीय कल्पनाशक्ती म्हणजे एकट्याची अडचण समाजाच्या रचनेशी जोडून पाहणं. ही कल्पना मांडताना अमेरिकी समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी १९५९ मध्ये बेकारीचंच उदाहरण दिलं. लाखभर वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल, तर त्याचं कौशल्य तपासा. पाच कोटी नोकरदारांच्या देशात दीड कोटी बेकार असतील, तर संधींची रचनाच ढासळली आहे.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतातल्या तरुण पदवीधरांत बेकारी २९.१ टक्के होती, निरक्षर तरुणांत ३.४ टक्के. म्हणजे शिकलेले आळशी, असं मुळीच नाही. निरक्षराला मिळेल ते काम धरावंच लागतं. पदवीजोगी कामं मात्र पदव्यांच्या वेगाने वाढली नाहीत. तुमची तयारी कच्चीही असेल. ती सुधारलीत तर रांगेत पुढे सराल, पण त्याने जागा वाढत नाहीत.