ट्रान्सफ्युजन रिॲक्शनचा प्रश्न आला की आधी वेळ बघ

हे बघ, लक्षणं वाचून लगेच ऑप्शनवर टिक करू नकोस, रक्त चढवल्यावर किती वेळाने त्रास झाला ते आधी शोध. ताप तर बऱ्याच रिॲक्शनमध्ये येतो, त्यावरून काहीच ठरत नाही.

समज, बी पॉझिटिव्ह बाई, दोन बाळंतपणं झालेली, क्रॉसमॅच कम्पॅटिबल, बॅग व्यवस्थित चढली. आठव्या दिवशी थोडा ताप, डोळे पिवळे, हिमोग्लोबिन परत खाली आणि डीसीटी, म्हणजे लाल पेशींवर चिकटलेली अँटीबॉडी शोधणारी टेस्ट, पॉझिटिव्ह. पोरं इथे चुकीचा ग्रुप दिला म्हणून ॲक्यूट हिमोलिटिक लिहून मोकळी होतात, पण ती रिॲक्शन बॅग चालू असताना किंवा २४ तासांच्या आत दिसते. ही डिलेड हिमोलिटिक.

मग क्रॉसमॅच कसं काय जुळलं? गरोदरपणात तयार झालेली अँटीबॉडी, बऱ्याचदा किड गटातली, हळूहळू इतकी कमी होते की टेस्टमध्ये सापडतच नाही, आणि तोच अँटिजेन रक्तातून परत आला की शरीर ती काही दिवसांत पुन्हा भरपूर बनवतं. म्हणून आता नवीन सॅम्पलवर अँटीबॉडी स्क्रीनिंग करायचं, जुनं सॅम्पलही परत तपासायचं.

आणि हो, क्रॉसमॅचमध्ये नुसतं इमिजिएट स्पिन केलं तर मुख्यतः एबीओची चूक कळते, अशा आयजीजी अँटीबॉडीसाठी अँटी-ह्युमन ग्लोब्युलिन टाकून करायची कूम्ब्स फेज लागतेच. ती निगेटिव्ह आली की आधीच अँटीबॉडी लावलेले चेक सेल्स टाक, गुठळ्या झाल्या नाहीत तर टेस्ट बाद, सेल्स नीट धुतले गेले नसतील, सगळं पहिल्यापासून कर.