जर्मनीत एमएस: फी सांगतो, व्हिसाची हमी देत नाही

(जाहिरात)

“मुलगी यंदा मेकॅनिकल इंजिनीअर झाली, सीजीपीए ७.४. जर्मनीत एमएस करायचं म्हणते. इथले एक एजंट दोन लाख रुपयांत ‘शंभर टक्के व्हिसा’ म्हणतात. तुमची फी किती? व्हिसाची हमी देता का?”
— एक पालक, सातारा

सप्रेम नमस्कार.

हमी देत नाही. व्हिसा जर्मन वकिलातीचा अधिकारी ठरवतो आणि त्या टेबलावर ना आमचा हात पोहोचतो, ना त्या एजंटांचा.

आमची फी ४० हजार रुपये, अधिक जीएसटी, तीन टप्प्यांत. पहिले १० हजार गुणांचा हिशेब आणि कोर्सची निवड यांसाठी. पुढचे २० हजार सहा कोर्सपर्यंतच्या अर्जांसाठी. शेवटचे १० हजार प्रवेशपत्र हातात आल्यावर, व्हिसाची फाइल तयार करताना. प्रवेश मिळाला नाही, तर हा तिसरा हप्ता द्यायचा नाही. व्हिसा नाकारला गेला तर मात्र आमची फी परत मिळत नाही, कारण काम झालेलं असतं. हे करारात लिहिलेलं आहे. सही करण्याआधी तो घरी नेऊन वाचा.

सुरुवात गुणांपासून होते. दहापैकी ७.४ आणि उत्तीर्ण होण्याची किमान पातळी ४ धरली, तर जर्मन पद्धतीने तिचा ग्रेड २.३ येतो. तिकडे १ सर्वांत चांगला आणि ४ म्हणजे जेमतेम पास. पुष्कळ सरकारी विद्यापीठं २.५ची अट ठेवतात, म्हणजे मुलगी त्यात बसते. पण अर्ज जास्त करून अडकतो तो विषयांवर. गणित, थर्मोडायनॅमिक्स, मशीन डिझाइन यांचे किती क्रेडिट झाले, हे विद्यापीठ बारकाईने मोजतं. म्हणून नुसती गुणपत्रिका पुरत नाही, चारही वर्षांचा अभ्यासक्रम लागतो.

त्याच सुमारास एपीएसचा अर्ज करायचा. भारतीय पदवीची ही पडताळणी २०२२च्या नोव्हेंबरपासून सक्तीची आहे, फी १८ हजार रुपये. प्रमाणपत्र यायला वेळ लागतो, म्हणून ते शेवटी ठेवू नका. ऑक्टोबरच्या सत्रासाठी बऱ्याच विद्यापीठांची मुदत १५ जुलैला संपते, काहींची त्याच्या कितीतरी आधी. बरेच अर्ज युनि-असिस्ट या, विद्यापीठांसाठी अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत जातात. तिथे पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३०. सहापैकी चार अर्ज तिथून गेले तर १६५ युरो होतात. हे पैसे, एपीएसची फी आणि व्हिसाचे ७५ युरो तुम्ही तुमच्या कार्डावरून थेट भरायचे. आमच्या खात्यातून ते जात नाहीत, त्यामुळे पावत्या तुमच्याच नावाने येतात.

प्रवेश मिळाल्यावर मोठी रक्कम लागते ती ब्लॉक्ड अकाउंटची: वर्षाच्या खर्चासाठी ११,९०४ युरो. एक युरो १०० रुपये धरला तर जवळजवळ १२ लाख. ही फी नव्हे, पैसे मुलीचेच. तिकडे गेल्यावर महिन्याला ९९२ युरो तिला मिळतात. व्हिसा नाकारला गेला तर नकाराचं पत्र दाखवून रक्कम परत मागता येते, बँकेचे आणि विनिमयाचे पैसे तेवढे जातात.

नकार येतो तो बहुतेक वेळा पैशांचा पुरावा अपुरा असल्याने किंवा निवडलेला कोर्स आधीच्या शिक्षणाशी जुळत नसल्याने. मेकॅनिकलनंतर मॅनेजमेंट का, याचं उत्तर मुलीला स्वतःला देता आलं पाहिजे. आम्ही तिचं प्रेरणापत्र तपासतो, लिहून देत नाही. पूर्वी नकारानंतर वकिलातीकडेच फेरविचार मागता येत असे. १ जुलै २०२५पासून ती सोय बंद झाली. आता नव्याने अर्ज करायचा किंवा बर्लिनच्या न्यायालयात जायचं. त्यामुळे पहिली फाइलच नीट हवी. आम्ही पैसे घेतो ते त्यासाठी.

आता त्या दोन लाखांबद्दल. जर्मनीची सरकारी विद्यापीठं सहसा एजंटला कमिशन देत नाहीत, काही खाजगी विद्यापीठं देतात. सरकारी ठिकाणी शिकवणी फी बहुतेक नसते, सत्राला काही शे युरो भरावे लागतात (बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात मात्र आपल्या मुलांना सत्राला १,५०० युरो आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात त्याहून जास्त). खाजगी ठिकाणी ती वर्षाला दहा हजार युरोंच्या पुढे जाऊ शकते. म्हणून त्या एजंटांकडून विद्यापीठांची नावं लेखी मागा आणि प्रत्येक सरकारी की खाजगी ते विचारा. ‘शंभर टक्के व्हिसा’ हे वाक्यही करारात लिहून द्यायला सांगा. आमच्या यादीत खाजगी विद्यापीठ असेल तर त्याच्यापुढे तसं लिहिलेलं असतं, आम्हाला कमिशन मिळणार असेल तर तेही.

पहिल्या भेटीचे पैसे घेत नाही. येताना सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका आणि विद्यापीठाचा अभ्यासक्रम आणा, आणि मुलीला सोबत घेऊन या.