पहिला बर्फ: मेमध्ये की फेब्रुवारीत?

प्रश्न: आम्ही ठाण्याचे चौघे, कोणीच बर्फ पाहिलेला नाही. मेच्या सुट्टीत मनाली करावं का? तिथे काय करता येतं आणि कपडे काय लागतात?

मेमध्ये मनाली गावात बर्फ नसतो. तो रोहतांगला, म्हणजे जवळजवळ चार हजार मीटरवर, शोधत जावं लागतं. त्याला परमिट लागतं, वाटेत गाड्यांची रांग लागते आणि वर तुडवलेला, काळपट बर्फ मिळतो. मुलांची शाळा चार दिवस बुडवता येत असेल, तर फेब्रुवारीच्या उत्तरार्धात गुलमर्गला जा. मुंबईहून थेट श्रीनगरला विमान आहे, तिथून गुलमर्ग साधारण पन्नास किलोमीटर. ताजा बर्फ पडला की वाटेतल्या तंगमर्गला गाडी बदलून चाकांना साखळ्या बांधलेल्या गाडीने वर जावं लागतं. त्याचे पैसे वेगळे धरा. आणि एक रात्र तरी वरच राहा, कारण श्रीनगरहून दिवसभरासाठी येणारी गर्दी पोचेपर्यंत उतार मोकळे असतात.

बर्फ पडताना दिसेलच, असं कोणी सांगू शकत नाही. २०२४च्या जानेवारीत गुलमर्ग बराच काळ कोरडं होतं. म्हणून तिकिटं काढली तरी हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या.

स्कीइंगबद्दल अपेक्षा बेताची ठेवा. पहिला तास बूट घालण्यात, उभं राहण्यात आणि पडून उठण्यात जातो; स्कीची पुढची टोकं जवळ आणून थांबता आलं, तरी खूप झालं. मुलांना स्लेज जास्त आवडते. ताजा भुसभुशीत बर्फ थंड आणि कोरडा असला तर त्याचे गोळेच वळत नाहीत, त्यामुळे स्नोमॅन हवा असेल तर ऊन लागून किंचित ओलावलेला बर्फ शोधा. गुलमर्गच्या रोपवेचं, म्हणजे गंडोलाचं तिकीट आधी ऑनलाइन काढा. दुसरा टप्पा वारा सुटला की बंद होतो, आणि तो जवळपास चार हजार मीटरवर असल्याने दम्याच्या किंवा हृदयाच्या रुग्णांनी पहिल्या टप्प्यावरच थांबावं.

कपड्यांत लोक जाड स्वेटरवर खर्च करतात, पण खरा त्रास ओलाव्याचा असतो. बर्फात बसलं की जीन्स ओली होते आणि मग अंगावरच थंडगार पडते, म्हणून ती घरीच ठेवा. आत थर्मल, वर फ्लीस आणि सगळ्यात बाहेर पाणी न शिरणारं जॅकेट-पँट. फ्लीस आणि थर्मल इथूनच घ्या. जाड कोट आणि गमबूट तंगमर्गला भाड्याने मिळतात. त्या बुटात लोकरीच्या पायमोज्यांचा एकच जोड घाला. दोन कोंबले तर पाय आवळले जातात आणि बोटं उलट जास्त गारठतात. लोकरीचे हातमोजे मात्र बर्फाचे दोन-चार गोळे केले की चिंब होतात. वॉटरप्रूफ घ्या, मुलांसाठी दोन जोड. उन्हात बर्फ डोळे दिपवतो, तेव्हा गॉगल आणि सनस्क्रीन लागतंच.

हॉटेलला आधी फोन करून विचारा की हीटर रात्रभर चालतो का. काही ठिकाणी तो ठरावीक तासच असतो आणि रात्री विजेवरच्या गरम गादीवर भागवावं लागतं.