पॅसेजमधी सायकल टांगायची हाय तर आधी भिंत बघ

तुझा पॅसेज साडेतीन फुटाचा, म्हणजे साधा हुक नको, पुढचं चाक अडकवून सायकल सरळ टांगलीस की ती भिंतीपासून तीनेक फूट बाहेर येत्या, जायला यायला वाटच राहत नाही. फिरणारा हुक घे, सायकल टांगून भिंतीकडं वळवता येते. तरी हँडल अन् पेडल थोडं बाहेर राहतंयच, ते मोजून घे.

उंची टेपनं काढू नकोस. सायकल मागच्या चाकावर भिंतीलगत उभी कर, पुढच्या रिमला आतनं हुक जिथं लागंल त्याच्यावर दोन इंच खूण कर, बास.

आता खरं काम. आपल्याकडच्या जुन्या घरांत प्लास्टरच्या आत जांभा असतोय. ड्रिल मारताना आधी राखाडी पूड येते, ते नुस्तं प्लास्टर, लाल पूड आली की दगड लागला समज. मधीच बिट भसकन आत गेलं तर तो मातीचा सांधा, तिथं स्क्रू धरत नाही, भोक सोड आन् बाजूला सरक. जांभ्यात हॅमर मोड बंद ठेव, नायतर भोक मोठं होतंय. प्लग लांब घे, दोन इंच तरी दगडात जायला पाहिजे. दगड भुसभुशीत असला तर जाड फळी चार ठिकाणी ठोक आणि हुक फळीवर बसव.

सायकल पंधरा-सोळा किलोची, पण रोज टांगताना झटका बसतोय. म्हणून आधी वीस लिटरचे दोन भरलेले कॅन रात्रभर हुकला टांगून बघ, वरचा स्क्रू केसभर जरी बाहेर आला तर काढ.

मागच्या टायरखाली जुन्या मॅटचा तुकडा चिकटव की, पावसाळ्यात चिखलाचे ओघळ येतात.