जागा मशीन मोजून ठरव

प्रिय मुली,

तुझ्या शिवण वर्गाच्या जाहिरातीचा मजकूर वाचला. 'तीन महिन्यांत संपूर्ण शिवणकाम. माफक फी. मान्यताप्राप्त प्रमाणपत्र. फक्त 20 जागा, त्वरा करा.' आणि विचारतेस काय, तर फी आधी लिहू की प्रमाणपत्र! अगं, क्रमाचं मागाहून बघू. तुझ्याकडे मशीन पाच आहेत. मग या 20 जागा आल्या कुठून?

हिशेब मांड. बारा आठवडे, आठवड्याला पाच दिवस, रोज दोन तास, म्हणजे वर्गाचे 120 तास झाले. पाच मशीन एकदाही रिकामी राहिली नाहीत असं धरलं, तरी मशीनचे तास 600. ते 20 जणींत वाटले की एकीच्या वाट्याला 30 येतात. त्यातले पहिले काही तास बिनदोऱ्याची सुई कागदावरच्या रेघेवरून चालवण्यात, पायाला लय येण्यात, बॉबिन भरण्यात आणि तुटलेला दोरा पुन्हा ओवण्यात जाणार. उरलेल्यात 'संपूर्ण शिवणकाम' कसं बसवणार आहेस?

बाहीचंच घे. बाहीचा पुढचा मुंढा मागच्यापेक्षा जरा खोल कापायचा असतो. नवशिकी मुलगी एकेरी कापडावर दोनदा तोच कागद तसाच ठेवून कापते आणि दोन्ही बाह्या एकाच हाताच्या होतात. टेबलावर हे कुणाच्या लक्षात येत नाही. जोडायला बसली की एक बाही छान बसते, दुसरीचा खोल भाग पाठीकडे जातो. घालून हात पुढे केला की पाठीत ओढ बसते आणि पुढे काखेपाशी कापड गोळा होतं. आता उसवायचं, नवी बाही कापायची, पुन्हा लावायची. यातच बाई शिकते. पण मागे तिघी मशीन रिकामं व्हायची वाट बघत असल्या की तू म्हणणार, 'सरक, मी लावून देते.' तू लावलेली बाही तिच्या हाताला काय शिकवणार? शिकवणारी स्वतः मशीनवर बसून बायकांचे कपडे पुरे करायला लागली, की जागा जास्त भरल्यात असं खुशाल समज.

म्हणून जागा मशीन मोजून ठरव. एका मशीनमागे दोघी. एक शिवते तेव्हा दुसरी माप घेते, आखते, कापते, काज-हूक करते, मग अदलाबदल. पाच मशीनला दहा जणी, प्रत्येकीला 60 तास. मी आयुष्यभर हेच केलं. वर्ग वाढवला नाही म्हणून लोकांनी मला वेड्यात काढलं. जागा नाही म्हणून परत पाठवलेल्या काही जणी पुन्हा आल्याच नाहीत, त्याची हळहळ अजून आहे. तरी अकरावी बाई मी घेतली नाही, आणि आजही घेणार नाही. मशीनशिवाय बसलेली बाई फी भरून दुसरीचं शिवण बघत असते.

फीचं म्हणशील तर 'माफक' हा शब्द काढून टाक आणि सरळ आकडा लिही. त्यात काय येतं तेही सांग. सरावाचं कापड, दोरा, सुया कुणाच्या? अस्तर कोण आणणार? बायका घरखर्चातून पैसे बाजूला काढून येतात. दुसऱ्या आठवड्यात 'कापड वेगळं' ऐकलं की लाजून यायचंच बंद करतात. हप्ते देणार असशील तर त्यांच्या तारखाही दे.

प्रमाणपत्रावर मात्र मी रागावले आहे. मान्यता कुणाची? कागद हातात आहे का? बाहेरची परीक्षा आहे का? नसेल तर ते तुझ्या वर्गाचं प्रमाणपत्र आहे, तसंच लिही, त्यात कमीपणा नाही. त्यावर तिने स्वतः शिवलेल्या कपड्यांची नावं घाल. काम द्यायला बसलेला माणूस तेच विचारतो.

आणि 'संपूर्ण' खोड. 60 तासांत सरळ शिलाई, परकर, झबलं, साधा कुर्ता आणि एक अस्तराचं ब्लाउज नीट होतं. कटोरी, प्रिन्सेस कट पुढच्या वर्गाला ठेव.

आता हे असं टाक:

'महिलांसाठी शिवण वर्ग, पहिली पायरी. 12 आठवडे, आठवड्यातून 5 दिवस, रोज 2 तास. मशीन 5, जागा 10; प्रत्येकीला मशीनवर 60 तास. परकर, झबलं, कुर्ता आणि अस्तराचं ब्लाउज तुम्ही स्वतः कापून शिवाल. फी (आकडा), दोन हप्त्यांत, अमुक आणि अमुक तारखेला. सरावाचं कापड, दोरा, सुया त्यातच. स्वतःच्या कपड्याचं कापड व अस्तर सोबत आणावं. शेवटी आमच्या वर्गाचं प्रमाणपत्र, त्यावर तुम्ही शिवलेल्या कपड्यांची नोंद.'

एखादं मशीन दुरुस्तीला गेलं असेल, तर टाकण्याआधी 10 चे 8 कर.

तुझी,
बाई