अँटीबॉडी आहे, पण भिंतीवर नाही

प्रश्न: आईच्या किडनी बायोप्सीत 'पॉसी-इम्यून' लिहिलंय, म्हणजे अँटीबॉडी जवळजवळ सापडल्याच नाहीत. पण रक्तात तर एमपीओ-अँका भरपूर आहे आणि ती अँटीबॉडीच ना? मग रक्तवाहिन्यांची नासधूस नक्की करतंय कोण? इम्यून कॉम्प्लेक्समुळे होणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या दाहापेक्षा, म्हणजे व्हॅस्क्युलायटिसपेक्षा, हे वेगळं कसं?

उत्तर:

नासधूस करतात न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. अँका ही त्यांच्याच प्रथिनांविरुद्धची अँटीबॉडी, ती त्यांच्या अंगावर बसते, रक्तवाहिनीच्या भिंतीवर नाही, आणि आम्ही बायोप्सीत अँटीबॉडी शोधतो ती भिंतीवर. त्यामुळे तुमच्या हातातले दोन्ही रिपोर्ट खरे आहेत. मी किडनीच्याच बायोप्सी वाचते. 'पॉसी' म्हणजे तुटपुंजं, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. पण पुष्कळ घरांत त्यातून 'प्रतिकारशक्तीचा काही संबंध नाही' असं समजलं जातं, आणि ते चूक आहे.

आधी इम्यून कॉम्प्लेक्सचा प्रकार सांगते, कारण तो सरळ आहे. तिथे अँटीजेन आणि अँटीबॉडी एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात आणि ते लहान रक्तवाहिन्यांच्या भिंतीत जाऊन बसतात. त्या गठ्ठ्यांमुळे कॉम्प्लिमेंट नावाची रक्तातल्या प्रथिनांची साखळी पेटते. त्यातून सी५ए हा तुकडा सुटतो आणि तो न्यूट्रोफिलना बोलावून आणतो. न्यूट्रोफिल गठ्ठा गिळायला बघतात, पण तो भिंतीत रुतलेला असल्याने गिळता येत नाही, मग त्यांची एन्झाइमं तिथेच सांडतात. म्हणजे इथे न्यूट्रोफिल सर्वात शेवटी येतो, बोलावल्यावर. इम्यूनोफ्लोरोसन्स या, अँटीबॉडी आणि कॉम्प्लिमेंट चमकवून दाखवणाऱ्या तपासणीत हे गठ्ठे चमकणाऱ्या दाण्यांसारखे दिसतात: आयजीए व्हॅस्क्युलायटिसमध्ये आयजीएचे, ल्यूपसमध्ये जवळपास सगळ्याच प्रकारच्या अँटीबॉडींचे आणि कॉम्प्लिमेंटचे. ल्यूपस आणि क्रायोग्लोब्युलिनच्या आजारात कॉम्प्लिमेंट इतकं खर्ची पडतं की रक्तातलं सी३ किंवा सी४ बहुतेकदा खाली आलेलं असतं.

अँकामध्ये न्यूट्रोफिल पहिल्यापासून हजर असतो, कारण अँटीजेन त्याच्याच पोटात आहे. एमपीओ आणि पीआर३ ही त्याची जंतू मारायची हत्यारं, एरवी आतल्या कणांमध्ये बंद असतात. नुसती अँका रक्तात फिरत असली तरी शांत न्यूट्रोफिलवर तिला धरायला फारसं काही नसतं. मग एखादा संसर्ग होतो, टीएनएफ किंवा सी५एसारखे संदेश सुटतात, आणि न्यूट्रोफिल अर्धवट सज्ज होतो. याला प्रायमिंग म्हणतात. या अवस्थेत थोडं एमपीओ त्याच्या पृष्ठभागावर येतं. आता अँकाचं एक टोक त्या एमपीओला धरतं, आणि तिची शेपटी त्याच पेशीवरच्या किंवा शेजारच्या न्यूट्रोफिलवरच्या रिसेप्टरला. त्या रिसेप्टरला ही अँटीबॉडी परक्या जंतूवरची की आपल्याच प्रथिनावरची हे कळत नाही. पेशी जंतू हाती लागल्यासारखी पूर्ण पेटते: ऑक्सिजनचे दाहक रेणू, एन्झाइमं, शेवटी स्वतःच्या डीएनएची जाळीसुद्धा बाहेर फेकते.

हे सगळं खरं तर रक्तवाहिनीबाहेर, ऊतींत जाऊन करायचं काम. इथे ते वाहिनीच्या आतच होतं, आतल्या अस्तराला चिकटून. सज्ज झालेला न्यूट्रोफिल ताठरही होतो, त्यामुळे किडनीतल्या सूक्ष्म गाळणीच्या, म्हणजे ग्लोमेरुलसच्या, किंवा फुप्फुसाच्या अरुंद केशवाहिनीत सहज अडकतो. अस्तर मरतं, भिंत फाटते, रक्तातलं फायब्रिन बाहेर गळतं आणि त्याभोवती पेशी जमून चंद्रकोर तयार होते. तोवर तो न्यूट्रोफिल फुटून संपलेला असतो आणि त्याच्यावरची अँटीबॉडीही त्याच्यासोबत गेलेली असते. मला स्लाइडवर दिसतं ते नुसतं फायब्रिन आणि ढिगारा.

हा तर्क उंदरांवर तपासलेला आहे. २००२ साली एमपीओ नसलेल्या उंदरांना एमपीओ टोचून त्याविरुद्ध अँटीबॉडी बनवल्या गेल्या आणि फक्त त्या अँटीबॉडी दुसऱ्या उंदरांना दिल्या. ज्यांच्यात स्वतःच्या टी आणि बी पेशीच नव्हत्या अशा उंदरांनाही किडनीचा हाच आजार झाला. न्यूट्रोफिल काढून टाकले की तो होत नव्हता. मला मात्र २००७ चा प्रयोग जास्त आवडतो. त्यात सी४ नसलेले उंदीर आजारी पडले, पण सी५ किंवा फॅक्टर बी नसलेले वाचले. सी४ ही इम्यून कॉम्प्लेक्सच्या नेहमीच्या वाटेवरची पायरी, फॅक्टर बी पर्यायी वाटेवरची. म्हणजे कॉम्प्लिमेंट इथेही लागतं, पण वेगळ्या दारानं: पेटलेला न्यूट्रोफिलच ते सुरू करतो, त्यातून सी५ए सुटतो, आणि तो पुढच्या न्यूट्रोफिलना प्राइम करतो. हे चक्र तोडणारं, सी५एचा रिसेप्टर अडवणारं अॅव्हाकोपॅन हे औषध २०२१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. एवढं असून रक्तातलं सी३-सी४ बहुतेक रुग्णांत नॉर्मल येतं. (पीआर३ साठी एमपीओइतकं पटण्याजोगं उंदरांचं मॉडेल नाही, हेही सांगायला हवं.)

आता एक नमुना बघा, आकडे माझे, चित्र नेहमीचं. बासष्ट वर्षांची स्त्री, क्रिएटिनिन चार आठवड्यांत १.१ वरून ३.६, लघवीत रक्तपेशी, सी३-सी४ नॉर्मल, एमपीओ-अँका पॉझिटिव्ह. बायोप्सीत १६ ग्लोमेरुलस: ५ जवळपास निरोगी, ४ मध्ये ताजं फायब्रिन, ३ मध्ये पेशींनी भरलेल्या चंद्रकोरी, ४ व्रण होऊन संपलेले. एकाच तुकड्यात ताजं आणि जुनं शेजारी-शेजारी, ही या आजाराची खूणच. कारण प्रत्येक जखम अचानक फुटते, थोड्या दिवसांत विझते, आणि दुसरीकडे नवी पेटते. इम्यूनोफ्लोरोसन्स जवळजवळ काळं. उपचारानं ताजे सात सावरू शकतात, व्रण झालेले चार नाहीत. म्हणून क्रिएटिनिन उतरलं तरी १.१ वर परत येईलच असं नाही.

एक सापळा मात्र ध्यानात असू द्या. हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग झाला की काही रुग्णांत अँका पॉझिटिव्ह येते, बहुधा पीआर३, आणि किडनीतही चंद्रकोरी दिसतात. फरक एवढाच की तिथे सी३ अनेकदा कमी असतं, आणि भिंतीवर सी३ चे दाणे चमकतात. अशा माणसाला अँका व्हॅस्क्युलायटिस समजून जोरदार स्टेरॉइड आणि रिटुक्सिमॅब दिलं तर जंतूंना रान मोकळं. म्हणून ताप असेल आणि सी३ कमी असेल तर आधी रक्ताचं कल्चर आणि हृदयाचा एको.

आईच्या रिपोर्टात तीन गोष्टी शोधा: इम्यूनोफ्लोरोसन्सच्या ओळीत सी३ किंवा आयजीए पुढे '२+' किंवा जास्त लिहिलंय का, रक्तातलं सी३-सी४ किती, आणि एकूण ग्लोमेरुलसपैकी निरोगी किती. अँकाचा आकडा मोठा आहे म्हणून आजार तितकाच मोठा असं समजू नका, त्या दोघांची जोडी अनेकदा जुळत नाही. पुढे किडनी किती सावरेल याचा अंदाज तिच्या डॉक्टरांना त्या आकड्यापेक्षा निरोगी ग्लोमेरुलसच्या संख्येवरून जास्त चांगला बांधता येईल.